साधंच करायचंय

वास्तुशांतीची तारीख भटजी काढून देतात. कार्य उभं कुणी करायचं, ते काही पंचांगात नसतं. पण प्रत्येक घराण्यात एक माणूस असतो आणि तो सगळ्यांना माहीत असतो. आमच्यात तो म्हणजे थोरल्या बहिणीचे मालक, दाजी. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. त्याच दिवसांत जुन्नर-आंबेगावातले आमचे नातेवाईक दाजींना फोन लावतात. फ्लॅट ओतूरला असो, आळेफाट्याला असो, दाजींचं उत्तर एकच.

"काय टेन्शन घेऊ नका. साधंच करायचंय."

आमच्या नारायणगावच्या फ्लॅटची वास्तुशांती निघाली तेव्हा हा साधंच करणारा माणूस आदल्या दिवशी मंचरहून मोटारसायकलवर आला. मागं फुलांचे दोन क्रेट बांधलेले, पुढं टाकीवर आंब्याच्या डहाळ्यांचा भारा, गळ्यात पिशवी. पिशवीत सुतळी, डाभण, लांब सुया, हातोडी, खिळे आणि मेजरटेप. चहा नको, पाणी नको, आधी दार मोजायचं. दाजी मापं मोठ्यानं सांगतात आणि ती कुणीतरी लिहून घ्यावीच लागतात. लिहिलेलं परत कुणी वाचत नाही, पण न लिहिलं तर दाजी रुसतात.

"चौकटीसकट चार फूट. झोळ धरून साडेचार. बाजूचे सोगे साडेसहा-साडेसहा. किती झालं? साडेसतरा." गच्च ओवलं तर फुटाला दहा-बारा झेंडू जातात, म्हणजे दोनशेच्या आतबाहेर फुलं. मध्यम फूल किलोला शंभर-सव्वाशे भरतं. "दोन किलोत दार होतंय. देव्हारा, चौरंग आणि पोरांची फेकाफेकी धरून पाच आणलंय."

फुलांच्या बाबतीत त्यांचा कुणावर विश्वास नाही. बाजारात वजन वाढावं म्हणून फुलांवर पाणी मारतात, आणि ओलं फूल ओवलं की रात्रीत आतून काळं पडतं, असं ते दर वेळी नव्यानं सांगतात. म्हणून ओळखीच्या शेतकऱ्याकडून, दव वाळल्यावर तोडलेली फुलं. घरात आल्यावर क्रेटमध्ये कोपरापर्यंत हात घालून डोळे मिटतात. आत गरम लागलं तर फूल उकडलंय. गार लागलं तर मान हलवून पुढची परीक्षा: एका फुलाची पाकळी ओढून बघायची, सहज निघाली तर फूल शिळं. प्लॅस्टिकच्या पिशवीत फुलं ठेवणाऱ्याला ते नातेवाईक मानत नाहीत. फरशीवर ओलसर गोणपाट, त्यावर कोरडं धोतर, त्यावर फुलं एका थरात. नव्या हॉलचं पहिलं दर्शन घ्यायला आलेल्या शेजाऱ्यांना पाय ठेवायला जागा नव्हती.

मग सगळ्या बायका-पोरांच्या हातात सुया. दोरा दुहेरी, आणि फूटभर माळ झाली की एक गाठ. "गाठ मारली का? न्हाय मारली ना? एका जागी तुटलं तर अख्खी माळ जिन्यानं खाली जाईल." ओवणाऱ्यांच्या मागून ते मास्तरासारखे फिरतात. फूल रात्रीत आकसतं आणि मध्ये दोरा दिसायला लागतो, म्हणून शेवटची गाठ सकाळी, फुलं परत सरकवून मारायची. आंब्याची पानं मात्र ते स्वतः निवडतात. तांबूस कोवळं पान नाही, ते तासाभरात मान टाकतं. जुनं जाड पान नाही, ते दुमडताना तडकतं. डहाळ्या रात्रभर बादलीत पाण्यात उभ्या आणि पानं तोडायची ती सकाळीच, कारण वैशाखाच्या उन्हात रात्री तोडलेल्या पानाची सकाळी पुंगळी होते. आमच्या बाथरूममध्ये त्या रात्री कुणालाही अंघोळ करता आली नाही.

एवढ्या माणसाला हरवलं ते ग्रॅनाइटनं. दाजींचं सगळं शास्त्र लाकडी चौकटीवर उभं. इथं पहिला खिळा वाकला, दुसरा उडून शू-रॅकमागं गेला, तिसऱ्या वेळी हातोडी अंगठ्यावर बसली. "बिल्डरला अक्कल न्हाय." मग चिकटपट्टी. नव्या रंगाच्या भुकटीवर ती दहा मिनिटं टिकली. अखेर चौकट सोडून वर प्लास्टरमध्ये ड्रिलनं दोन भोकं पाडली, हूक बसवले, तोरण चढलं. सगळे टाळ्या वाजवतायत तोवर आत्यांनी बाहेरून जाळीचा दरवाजा ओढला. तो बाहेर उघडतो, हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. दरवाज्याच्या वरच्या कडेनं झोळ ओढून नेला आणि बिजागरीकडचा सोगा दार आणि भिंतीच्या मध्ये चिरडला. फूटफुटावर गाठी होत्या म्हणून एक फूटच सांडला. दाजींनी आमच्याकडं असं पाहिलं की जणू हे त्यांनी मुद्दाम दाखवायला केलं होतं. मग हूक वीतभर वर गेले, झोळ कमी झाला आणि बिजागरीच्या बाजूचा सोगा रद्द. एकाच बाजूला सोगा असलेलं तोरण बघून पूजेला आलेल्या दोघी जणींनी ही नवी फॅशन का, असं विचारलं. दाजी "हो" म्हणाले.

बैठक "साधी" होती. हॉल दहा बाय पंधरा. त्यात होम, भटजी, यजमान जोडपं आणि पूजेचा पसारा मिळून सात बाय सात गेला. होमाखाली विटा आणि वाळूचा थर, नाहीतर आचेनं टाइल तडकते. हे त्यांनी वाळू आणल्यावर सांगितलं. उरलेल्या जागेत सतरंज्या, भिंतीकडेला गुडघेदुखीवाल्यांसाठी प्लॅस्टिकच्या आठ खुर्च्या, आणि दारापासून स्वयंपाकघरापर्यंत दोन फुटांची वाट मोकळी. त्या वाटेवर जो बसेल त्याला दाजी उठवतात, मग तो कुणीही असो. बाकी सगळी पंगत खाली पार्किंगमध्ये, मांडवाखाली.

आणि तरी पार्किंगमध्ये लाल मखमली सोफा कुठून आला? "मान्यवर येणार." आमच्याकडं मान्यवरांशिवाय वास्तू शांत होत नाही. मान्यवर ऐन मासवडी वाढताना आले, उभ्या उभ्या टोपी-टॉवेल स्वीकारला, फोटो काढला आणि पुढच्या वास्तुशांतीला गेले. सोफ्यावर दिवसभर आमची आजी झोपली.

पूजेच्या एकाही फोटोत दाजी नाहीत. एका फोटोत फक्त त्यांचा हात आहे, तोरणाचं सुटलेलं पान हिरेनं टोचताना, अंगठ्याला पट्टी बांधलेला. ते जेवले साडेचारला, तेही बहिणीनं ओरडल्यावर. जाताना खुर्च्या मोजून मंडपवाल्याच्या टेम्पोत चढवल्या, उरलेली सुतळी गुंडाळून पिशवीत टाकली, सोफ्याचं भाडं गुपचूप स्वतःच दिलं आणि दारात उभं राहून म्हणाले, "बघा, साधंच झालं का न्हाय?"

तुमच्याकडं असे कुणी दाजी, मामा, तात्या असतील तर यंदा बोलवाच. फक्त चौकट लाकडाची की ग्रॅनाइटची, आणि बाहेरचं दार कुठल्या बाजूला उघडतं, एवढं फोनवर आधी सांगा.