लंडनचा वर्ग एक तास कसा चुकवावा: नवशिक्यांसाठी पाच पायऱ्या

लंडनमधल्या मराठी मुलांचा दर रविवारी सकाळी १० वाजता ऑनलाइन वर्ग असतो आणि शिकवणाऱ्या बाई पुण्यात राहतात. वेळापत्रकाचा प्रोग्रॅम लिहायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. घाबरू नका, घोळ घालायला फारसं डोकं लागत नाही.

१. लंडन म्हणजे जीएमटी, हे पक्कं धरा. ग्रीनिच तिथंच तर आहे! मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे १ वाजता तिथली घड्याळं थेट २ वर जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत एक तास पुढेच राहतात. असला सरकारी लहरीपणा मनावर घेऊ नका.

२. पहिल्या वर्गाची वेळ, २३ मार्च २०२५, सकाळी १०, यूटीसीत साठवा आणि पुढचे सगळे वर्ग बेरजेनं काढा:

```
next = start_utc + 7 * 24 * 60 * 60
```

सात दिवसांचे १६८ तास, गणित बरोबर आहे. फक्त ३० मार्चला घड्याळ पुढे गेल्यामुळे लंडनचा तो आठवडा १६७ तासांचाच भरतो. मग प्रोग्रॅम लंडनला ११ आणि पुण्याला दुपारचे साडेतीन दाखवतो. मुलं सवयीनं १० वाजता येऊन बसतात, तेव्हा पुण्यात अडीच वाजलेले असतात आणि बाईंचा चहासुद्धा व्हायचा असतो. बिचाऱ्या!

३. प्रोग्रॅम फेब्रुवारीतच तपासा. हिवाळ्यात लंडन आणि यूटीसी यांत फरक नसतो, त्यामुळे सगळं अचूक दिसतं. पुण्याची वेळ बाराही महिने साडेतीनच दिसते, हे कुणी दाखवून दिलं तर स्थिरतेचं लक्षण म्हणून सांगा. उन्हाळ्यात ती अडीच व्हायला हवी, हे पालकांना कळेपर्यंत जून उजाडतो.

४. पालकांना आठवणीचा निरोप लंडनच्या रात्री दीडला पाठवायचं ठरवा. ३० मार्चला दीड वाजतच नाहीत, म्हणून भोळा प्रोग्रॅम निरोप गिळतो. २६ ऑक्टोबरला २ वाजता घड्याळ मागे येऊन पुन्हा १ वाजतो, दीड दोनदा वाजतात आणि निरोपही दोनदा जातो. सरासरी बरोबर येते, तक्रार कसली?

५. कुणी म्हणेल, "वर्गाची वेळ 'रविवार १०:००' अशी भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे ठेवा, शेजारी `Europe/London` लिहा आणि यूटीसी प्रत्येक तारखेसाठी नव्यानं काढा." अशा माणसाला बैठकीला बोलावू नका. त्याचं ऐकलंत तर घोळ मार्चमध्येच संपेल.

तुम्ही मात्र धीर धरा. २६ ऑक्टोबरच्या सकाळी १० चा वर्ग आपोआप १० ला दिसू लागेल. त्याच दिवशी "वेळेची त्रुटी दुरुस्त केली" असं जाहीर करा आणि मानधनाचं बिल पाठवा. पुढचं बिल मार्चनंतर.