प्रांगणकवी

जिल्हा परिषदेच्या शाळांच्या प्रत्येक केंद्रात एक तरी प्रांगणकवी असतोच, आणि बीड जिल्ह्यात तर तो हमखास असतो. एरवी हा साधा गुरुजीच. वर्गावर जातो, पोषण आहाराचा तांदूळ मोजून घेतो, माहिती मागवली की माहिती भरतो. पण जूनच्या मध्यावर शाळा उघडायची वेळ आली की त्याच्यात फरक पडू लागतो. बाकीचे शिक्षक बालभारतीच्या पुस्तकांचे गठ्ठे सोडून इयत्तावार लावत असतात, कुणी दारावर आंब्याचं तोरण बांधतं, कुणी पहिलीच्या लेकरांच्या पावलांचे ठसे घ्यायला कुंकवाचं पाणी आणि कोरे कागद तयार ठेवतं. प्रांगणकवी तेव्हा कार्यालयाच्या कोपऱ्यात, जुन्या हजेरीच्या पाठकोऱ्या पानावर प्रवेशोत्सवाची स्वागतकविता उतरवत असतो. उतरवत असतो असं म्हणायचं कारण, कविता नोकरी लागली त्या वर्षीच झालेली आहे. दरवर्षी फक्त अध्यक्ष बदलतात, आणि बदली झाली तर गाव. केजहून अंबाजोगाईला बदली झाली, तर दोन अक्षरांच्या जागी पाच अक्षरं बसवावी लागतात. त्याच्या काव्यसाधनेतला खरा कष्टाचा भाग तेवढाच.

ही कविता पहिलीच्या मुलांसाठी असते, असं फ्लेक्सवर लिहिलेलं असतं. माझं म्हणणं असं, की ती त्यांच्यासाठी नसते, आणि याचा पुरावा कवितेतच सापडतो. अशा कवितेची पहिली ओळ साधारण अशी असते: 'ज्ञानमंदिराच्या प्रांगणी आज उमलली नवपल्लवांची पहाट.' चोवीस अक्षरं, त्यात चार जोडाक्षरं. समोर सतरंजीवर बसलेलं लेकरू सहा वर्षांचं, कधी त्याहूनही लहान. वय 31 डिसेंबरपर्यंत धरतात म्हणून दिवाळीच्या आगेमागे जन्मलेलं पोरगं जूनमध्ये अजून पाचच वर्षांचं असतं. त्याच्या घरी मंदिर आहे ते मारुतीचं, प्रांगण नाही तर अंगण आहे, आणि पहाट कधी उमलत नाही, ती होते. ते जाऊ द्या. त्याहून पक्का पुरावा मोकळ्या जागांचा. पूर्ण कवितेत टिंबं टिंबं देऊन सोडलेल्या जागा शोधा. सरपंचांसाठी एक, शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांसाठी एक, केंद्रप्रमुखांसाठी एक, आणि गटशिक्षणाधिकारी आलेच तर त्यांच्यासाठी एक राखीव कडवं. ज्यांचा हा दिवस, त्या पहिलीतल्या अकरा-बारा लेकरांपैकी एकाचंही नाव घालायला टिंब नाही. जागा कुणासाठी सोडली आहे ते पाहिलं की कविता कुणाची हे वेगळं विचारावं लागत नाही.

आता ती वाचणाऱ्यांकडे येऊ. कविता गुरुजींची असली तरी वाचायची चौथीच्या किंवा सातवीच्या मुलांनी, असा रिवाज आहे. पण शाळा सगळ्यांसाठी एकाच दिवशी उघडते. मोठी मुलंही सुट्टीतून त्याच सकाळी आलेली असतात आणि कागद त्यांच्या हातात परिपाठाच्या आधी पंधरा मिनिटं पडतो. तालमीचा प्रश्नच येत नाही. चौथीतलं पोर श्वास घेतं ते अर्थ संपतो तिथं नव्हे, कागदावरची ओळ संपते तिथं. आणि चोवीस अक्षरांची ओळ कागदावर बसत नाही म्हणून 'पहाट' खाली गेलेली असते. मग 'उमलली नवपल्लवांची' इथं पोर थांबतं, गिळतं, आणि वेगळीच बातमी सांगावी तसं म्हणतं, 'पहाट.' पुष्पवृष्टीची पुष्पदृष्टी होते. 'मान्यवरांचे आगमन' हे जोरात वाचताना एखाद्याच्या तोंडून 'मान्सूनचे आगमन' निघून जातं, आणि बीडमधल्या जूनच्या सभेत टाळ्या पडतात त्या नेमक्या तिथं. कविता पोचते आहे की नाही हे पाहायचं तर वाचणाऱ्याकडे नाही, सतरंजीकडे पाहावं. पहिल्या कडव्याला सगळी लेकरं कर्ण्याकडे बघतात, कारण त्यातून ताईचा आवाज येतोय. दुसऱ्याला नव्या चपलेचा पट्टा उघडून परत लावायचं काम सुरू होतं. तिसऱ्या कडव्याला एकाला आई दिसते, तो रडतो, आणि चौथ्यापर्यंत निम्मी ओळ रडत असते. प्रांगणकवी याला भावनिक प्रतिसाद म्हणतो.

त्याच्या बाजूनं बोलणारे म्हणतील, आणि ते अगदीच चूक नाही, की लहान मुलांना सगळं कळलंच पाहिजे असं कुठं आहे? काकडआरती, हरिपाठ, अभंग ही लेकरं अर्थ न कळता ऐकतात, आणि तीच भाषा पुढं त्यांच्या तोंडात बसते. मुद्दा खरा आहे, पण तो प्रांगणकवीच्या कामाचा नाही. हरिपाठ लेकराच्या कानावर रोज पडतो, तीच चाल, तेच टाळ, आजीच्या मांडीवर बसून. न कळलेला शब्द शंभराव्यांदा ऐकला की ओळखीचा होतो. स्वागतकविता लेकराच्या आयुष्यात एकदा येते, तीही अनोळखी जागी, पोटात गोळा आलेला असताना. एकदाच ऐकायच्या गोष्टीत मुरायला वेळ नसतो. ती ऐकताक्षणी कळावी लागते, नाहीतर कधीच कळत नाही. शिवाय अभंगाची ओळ आखूड असते आणि ताल तिला धरून ठेवतो. आपल्या कवीच्या ओळीला टाळ वाजवायला बसलं तर टाळकरी दमेल.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. प्रवेशोत्सव मुलांसाठी नसतोच मुळी, तो गावासाठी असतो. पट घसरतोय, शेजारच्या गावातून इंग्रजी शाळेची पिवळी गाडी दारापर्यंत येते, तेव्हा आईबापांवर छाप पडली पाहिजे. त्यासाठी 'ज्ञानमंदिर' पाहिजे, बैलगाडीतून मिरवणूक पाहिजे, शिरा पाहिजे. शिऱ्याबद्दल वाद नाही. पण आईबापांना काय ऐकायचं असतं, याचा अंदाज इथं चुकतो. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागातल्या वर्गात बसलेल्या आयांपैकी कितीतरी जणी कोयत्याच्या आहेत. मुकादमाची उचल घेतलेली असते. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते ती सांगली, कोल्हापूर, कर्नाटकापर्यंत जाते, आणि उन्हाळा लागल्यावर परतते. जूनमध्ये पहिलीत घातलेलं लेकरू दिवाळीनंतर फडावर न्यायचं की आजीपाशी ठेवायचं, हा त्या बाईचा प्रश्न आहे. लेकरानं गावातच राहून शिकावं म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय असते, आणि त्यासाठी घरोघर फिरून याद्या करण्याचं काम कुणाकडे असतं? आपल्या प्रांगणकवीकडेच. कुठल्या घरचा कोयता कधी हलतो, कुणाची आजी खमकी आणि कुणाची अंथरुणाला खिळलेली, हे त्याला तोंडपाठ असतं. इतकं जाणणारा माणूस कविता लिहायला बसला की नवपल्लवांवर जातो. 'आई गेली उसाला तरी तुझी थाळी इथंच' एवढं एका ओळीत आलं असतं, तर छाप पडली असती, आणि ती बैलगाडीनं पडते त्याहून खोल पडली असती.

परंपरेची ढालही तो पुढं करतो. निवेदनात तो न चुकता सांगतो, की हा जिल्हा मुकुंदराजांचा आणि दासोपंतांचा. जिल्हा आहेच. दासोपंतांनी अंबाजोगाईत सुमारे 40 फूट लांब पासोडीवर लिहिलं, त्यामुळे लांबीच्या बाबतीत हा आपला कवी त्यांचा वारस ठरायला हरकत नाही. मुकुंदराजांचं मात्र त्याला जड जाईल. विवेकसिंधूचं साल परंपरेनं 1188 मानतात; ज्यांना संस्कृत येत नाही त्यांना कळावं म्हणून मुकुंदराजांनी वेदान्त मराठीत आणला. आठशे वर्षांनी त्यांचा हा वारस खिचडी संस्कृतात नेतोय.

मग कवितेचं करायचं काय? माझ्या मते ती ज्यांना वाचायची आहे, त्यांनीच लिहावी. पहिलीच्या पहिल्या दिवशी कशाची भीती वाटते, हे चौथीतल्या पोराला आठवतं. त्याला तीनच वर्षं झालीत. गुरुजींना झाली चाळीस. पहिलीतल्या नव्या लेकराला काय सांगशील असं सातवीतल्या मुलीला विचारा. ती पहाटेबद्दल काही बोलणार नाही. पाणी कुठं आहे, खिचडी कधी मिळते, रडू आलं तर काय करायचं, हे सांगेल. तिचं बोलणं आठ-आठ अक्षरांत बसवलं की असं काही तरी होतं:

डबा इथे, पाणी तिथे,
खिचडीची घंटा मोठी;
रडू आलं, रड थोडं,
मग बस माझ्यापाठी.

चार ओळी, एकच जोडाक्षर, प्रत्येक ओळ एका श्वासात. यातली प्रत्येक वस्तू बोट करून दाखवता येते: डबा म्हणताना वर्गातली फळी, पाणी म्हणताना अंगणातली टाकी, शेवटी स्वतःची पाठ. अडखळायला जागा नाही, त्यामुळे वाचणारं पोर कागदावरून मान वर काढून समोर बघतं. ते बघतंय हे कळलं की सतरंजीवरचं लेकरू चपलेचा नाद सोडतं. पुढच्या ओळींत टिंबांच्या जागी बारा जणांची नावं घालायची, हजेरीच्या क्रमानं. आपलं नाव कर्ण्यातून ऐकलं की रडणारं लेकरूसुद्धा क्षणभर थांबतं, कारण आता कशावर रडायचं हे त्याला नव्यानं ठरवावं लागतं.

पोरांच्या हाती लेखणी दिली तर ती भलतंच लिहितील, असं म्हणतात. लिहितील. खिचडीत मीठ कमी असतं, सर डुलकी काढतात, मुतारीला दार नाही, हे सगळं पहिल्याच खर्ड्यात येईल. ते तपासायला गुरुजी आहेतच, आणि डुलकीची ओळ ते काढतीलच. मुतारीची ओळ मात्र त्यांनी राहू द्यावी, कारण त्या दिवशी सरपंच समोर बसलेले असतात आणि तसे ते वर्षातून फार वेळा सापडत नाहीत.

एक अडचण उरते ती वेळेची, आणि ती सुटण्यासारखी आहे. एप्रिलमध्ये शाळापूर्व तयारीचा मेळावा होतो, तेव्हा येत्या पहिलीची नावं बहुतेक हाती आलेली असतात, मोठी मुलं शाळेत असतात, उसाच्या टोळ्याही परतू लागलेल्या असतात. गुरुजींनो, कागद त्याच आठवड्यात पोरांच्या हातात द्या, म्हणजे सुट्टीत ती त्या चार ओळी शेरडांमागं फिरतानाही पाठ करतील. मान्यवरांसाठीची राखीव कडवी टाकून द्यायची गरज नाही. ती निवेदनात वापरा. माईक तर तुमच्याच हातात असणार आहे.