गच्ची, चादर आणि चार सेंटीमीटर

कोथरूडमधल्या एका बंगल्याचे मालक बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना आपण अण्णा म्हणू. घरच्या गच्चीवर 3 किलोवॅटची सोलर बसवायची असं त्यांनी ठरवलं, कारण पंतप्रधान सूर्यघर योजनेत तेवढ्यावर 78 हजारांचं अनुदान मिळतं आणि मिळणारा पैसा सोडणं त्यांच्या स्वभावात नाही. 540 वॅटची सहा पॅनेलं लागणार होती. एक पॅनेल सुमारे 228 सेंटीमीटर लांब आणि 113.4 रुंद, म्हणजे सहांना जागा पावणेदोनशे चौरस फुटांच्या आत. गच्ची होती तीस बाय वीस, म्हणजे सहाशे चौरस फूट. अण्णांनी भागाकार केला आणि ‘एकवीस बसतील, आपण सहाच घेऊ’ असं पत्नीला, म्हणजे माईंना, उदार मनाने जाहीर केलं.

भागाकाराला गच्चीवरच्या वस्तू दिसत नाहीत. आग्नेय कोपऱ्यात जिन्याची खोली आणि तिच्या डोक्यावर पाण्याची टाकी. नैऋत्येला जुना सोलर बंब, तो सकाळी कोमट का होईना पाणी देतो म्हणून हलवायचा नाही. शिवाय कपड्यांच्या दोऱ्या, तुळस आणि 1998 पासून काहीही न पकडणारा एक अँटेना.

पॅनेलाचा आकार जमिनीवर पाहावा म्हणून अण्णांनी कपाटातली सिंगल चादर काढली. तिची लांबी नव्वद इंच, पॅनेल पावणेनव्वद इंचांच्या आसपास. रुंदीला दुमडून पावणेचार फूट केली की हुबेहूब पॅनेल. अण्णा ती अंथरायचे, खडूने कड ओढायचे, उचलून पुढे सरकवायचे. समोरच्या इमारतीतल्या लोकांना वाटलं, यंदा वाळवणाचा मोठा बेत आहे.

बंब आणि जिन्याची खोली यांच्यामध्ये मोकळी जागा भरली 340 सेंटीमीटर. तीन पॅनेलं शेजारीशेजारी उभी लावली, मधल्या क्लॅम्पसाठी दोन-दोन सेंटीमीटर सोडले, तर लागतात 344. एक आडवं आणि एक उभं लावून पाहिलं, तर 343.

“कडेचं जरा कापून नाही का घेता येणार?” अण्णांनी फिटरला विचारलं.

“काका, टफन काच आहे. कापायला गेलात तर पोहे होतील.”

फिटरने मग अण्णांचं उरलंसुरलं समाधानही काढून घेतलं. जागा मिळाली असती तरी तिथे लावलंच नसतं, म्हणाला. गच्चीपासून टाकीच्या माथ्यापर्यंत उंची 3.7 मीटर. डिसेंबरअखेरीस सकाळी साडेनऊला पुण्यात सावली उंचीच्या पावणेदोन पटीहून थोडी जास्तच पडते, म्हणजे साडेसहा मीटरच्या वर, आणि ती वायव्येकडे आडवी पसरते. गच्चीची रुंदीच मुळी सहा. पॅनेलं एका माळेत जोडलेली असतात, त्यामुळे माळेतल्या एकावर सावली आली की त्याचा प्रवाह घसरतो आणि बाकीची त्याला बांधली जातात. पॅनेलात बायपास डायोड असतात, ते सावलीचा भाग वगळून प्रवाहाला वाट करून देतात. पण वगळलेल्या भागाची वीज गेली ती गेलीच. बँकेतल्या माणसाला हे लगेच पटलं: एका खात्याच्या थकबाकीने सगळ्या शाखेचं नाव खराब होतं.

उपाय फिटरने सांगितला तो अण्णांच्या चादरीत बसणारा नव्हता. “खाली जागा शोधूच नका. वर जाऊ.” लोखंडी खांबांवर आठ फूट उंच सांगाडा, उत्तरेच्या कठड्याकडे, सहा पॅनेलं एका ओळीत. लांबी सात मीटरच्या आत, गच्ची नऊची. दोऱ्या आणि तुळस खाली राहतात. आणि सावलीचं गणितच बदलतं. टाकीचा माथा आता पॅनेलांपेक्षा सव्वा मीटरच वर उरतो, त्यामुळे तिची सकाळची सावली सव्वादोन मीटरच्या आसपास थांबते. जास्तीत जास्त कडेच्या एका पॅनेलाच्या कोपऱ्याला लागते आणि दिवस वर आला की निघून जाते.

उंच सांगाड्याला वारा खालून उचलतो, म्हणून खांब नुसते टेकवून चालत नाहीत. इथे अण्णा अडले. गेल्याच वर्षी वॉटरप्रूफिंग केलेलं. स्लॅबला भोकं पाडू द्यायची नव्हती. खांबांखाली काँक्रीटचे जड ठोकळे ओतून त्यांत बोल्ट बसवायचे, असा तोडगा निघाला. सांगाड्याचा खर्च वाढला तो निराळा. अण्णा दोन दिवस अनुदानाचा आकडा काढून पाहत बसले आणि तिसऱ्या दिवशी हो म्हणाले.

माईंना खाली पापड वाळवायला सावली नको होती, ऊन हवं होतं. त्यांना दक्षिणेची बाजू पूर्ण मोकळी मिळाली, म्हणजे ज्या 340 सेंटीमीटरवर एवढा जीव तुटला होता तीच. अँटेना मात्र काढला गेला. त्याला अण्णांनी शेवटपर्यंत विरोध केला.

हल्ली शेजारच्या बंगल्यातही सोलरचं चाललंय. तिथल्या गच्चीवर दोन टाक्या आणि एक शेवग्याचं झाड डोकावतं. रविवारी सकाळी माई विचारत होत्या, कपाटातली निळी चादर कुठे गेली. अण्णा ती पावणेचार फुटांची घडी काखेत मारून, खिशात खडू टाकून, शेजाऱ्यांच्या जिन्याने वर निघाले होते.