जाळी सोडा!

कोजागिरीला विरार पश्चिमेच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर चाकांचा स्पीकर आणि दोन वायरलेस माइक आले. तळमजल्यावरच्या काकांनी पहिला माइक उचलून "हॅलो" म्हणायच्या आत स्पीकर असा किंचाळला, की मसाला दूध ढवळणाऱ्या वहिनींच्या हातातला डाव पातेल्यात पडला.

मी कॉम्प्युटरवर काम करतो, म्हणून माइक दुरुस्त करायचा मान माझा. काका घाबरून माइक पोटाशी धरू लागले. आवाज येईना, म्हणून मी गेन वाढवला. पुन्हा किंकाळी. काकांनी हात आणखी लांब केला, मी गेन आणखी वाढवला. अर्धा तास आम्ही हेच केलं.

शेवटी मांडववाल्याचा पोरगा वर आला. म्हणाला, "काका, तुमचा आवाज रिटर्न मारतोय." हे मात्र आम्हाला लगेच कळलं. नालासोपाऱ्याला बसायला जागा हवी असणारा माणूस उलटा विरारला येतो आणि त्याच गाडीने परत जातो. तसाच स्पीकरमधून निघालेला आवाज माइकमध्ये शिरतो, तिथून पुन्हा स्पीकरला जातो. दर फेरीला थोडा जरी वाढला, की शिट्टी.

त्याने स्पीकर पुढे नेऊन त्याचं तोंड श्रोत्यांकडे केलं आणि काकांना त्याच्या मागे उभं केलं. माइक ओठांपासून दोन बोटांवर आणला. तोंडापासूनचं अंतर निम्मं झालं, की माइकला गाणाऱ्याचा आवाज सुमारे 6 डेसिबल जास्त मिळतो. काका 40 सेंटिमीटरवरून 5 वर आले, म्हणजे अंतर तीनदा निम्मं झालं. एवढे 18 डेसिबल फुकटात मिळाल्यावर गेन तेवढाच खाली आणता आला. दुसरा माइक उगाच चालू होता, तो बंद केला. एको अर्ध्यावर आणला.

तरी मधूनच शिट्टी. काका कव्वालासारखे माइकची जाळी मुठीत धरत होते. जाळी झाकली की माइकला पुढचं-मागचं कळत नाही, तो चारी बाजूंनी ऐकू लागतो. "जाळी सोडा, दांडा धरा!"

आता सुरळीत चालणार, तेवढ्यात गाण्याचा ट्रॅक थांबला आणि स्पीकरमधून एक बाई गरजल्या, "दूध आणायला सांगितलं होतं ना?" दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांचा फोन गणपतीत या स्पीकरला जोडला होता. ते गच्चीवर आले, ट्रॅकवाला फोन तुटला, तसा यांचा आपोआप जोडला गेला आणि नेमका कॉल आला. ब्लूटूथला ओळखीचं माणूस दिसलं, की ते विचारत बसत नाही. त्यांच्या फोनवर `Forget` दाबून सोडवणूक केली. घरी काय झालं, विचारलं नाही.

काकांचं कडवं रंगात आलं आणि शेजारच्या सोसायटीच्या गच्चीवरून कर्कश शिट्टी आली. काका गाणं अर्धवट टाकून कठड्याशी गेले आणि माइकवरूनच ओरडले, "अहो, जाळी सोडा!"