भिंतीवरील बिगर-सभासदाबाबत सूचना

सर्व सन्माननीय सभासदांस कळविण्यात येते की, मंगळवारी पहाटे मागच्या कंपाउंड वॉलवर बसलेल्या बिबट्याचा फोटो सी विंगमधील एका सभासदाने काढला व कमिटीला न दाखवता थेट ग्रुपवर टाकला. दुपारी तो ‘घोडबंदर रोडवर बिबट्याचा धुमाकूळ’ म्हणून टीव्हीवर झळकला. सीसीटीव्ही तपासला असता, शेपटी हलविण्यापलीकडे सदर प्राण्याने धुमाकूळ घातल्याचे आढळत नाही.

त्याला पकडून लांब सोडावे, असा ठराव तातडीच्या सभेत एकमताने झाला. (इतके एकमत लिफ्टच्या वर्गणीवर कधी दिसले नाही.) तो ठराव घेऊन आम्ही वनखात्यात गेलो. साहेबांनी चहा पाजला आणि समजावले. १९७२ च्या कायद्याने बिबट्याला संरक्षण आहे, त्यामुळे नुसता दिसला म्हणून पिंजरा लागत नाही; मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. शिवाय येऊरच्या जंगलातला हा बिबट्या उचलला, तर रिकाम्या हद्दीत दुसरा येऊन बसतो. उचललेला जिथे सोडावा, तिथे नवीच पंचाईत. जुन्नर भागातले बिबटे पकडून दुसरीकडे सोडले, तेव्हा सोडल्या ठिकाणी माणसांवरचे हल्ले वाढले होते म्हणे.

नंतर साहेब पाहणीला आले. आम्ही भिंतीचा वरचा भाग दाखवत होतो, ते खालचाच बघत राहिले. तिथे फुटलेल्या काळ्या पिशव्या, कोंबडीची हाडे, रविवारच्या बारशाचा उरलेला पुलाव आणि त्यावर ताव मारणारी सात कुत्री होती. “तो तुमच्यासाठी येत नाही, यांच्यासाठी येतो. कचरा उचला, कुत्री पांगतील; मग त्याला इथे काय काम?” असे म्हणून ते निघाले.

याबाबत खुलासा असा, की ओल्या कचऱ्याचे खतयंत्र सोसायटीकडे आहे, पण त्या खोलीत गणपतीचे मखर ठेवलेले असल्याने ते चालू करता येत नाही. बी विंगमधील ज्या भगिनी रोज रात्री दहा वाजता भिंतीपाशी कुत्र्यांना चिकन घालतात, त्यांच्या भूतदयेचा आदर आहे. तिचा लाभ नेमका कोणाला होतो, एवढे त्यांनी लक्षात घ्यावे. तसेच ‘जंगल व्ह्यू’साठी बिल्डरला जादा पैसे मोजलेल्या सभासदांनी जंगल दिसल्याची लेखी तक्रार करू नये.

अंधार पडल्यावर मुलांना मागच्या बाजूस एकटे सोडू नये. तिकडून जाताना मोबाइलवर गाणी लावावीत. मोठ्या आवाजातील गाण्यांना बंदी घालणारी आमची मागील सूचना तेवढ्यापुरती स्थगित आहे. बिबट्या दिसल्यास घोळका करू नये, सेल्फीसाठी पाठलाग करू नये, त्याला निघून जाण्यास वाट मोकळी ठेवावी व १९२६ वर कळवावे.

आपला विश्वासू,
मानद सचिव

ता.क. : सदर फोटोत बिबट्याच्या बरोबर खाली, व्हिजिटर पार्किंगमध्ये, ए विंगमधील एका सभासदाची पांढरी गाडी स्पष्ट दिसत आहे. दंडाची पावती मेंटेनन्सच्या बिलासोबत येईल.