कोळीणबाईची न्याहारी

शाळेच्या दिवसांत जिला उठवताना अख्खं घर आधी जागं होतं, ती माझी भाची दिवाळीच्या सुट्टीत पारनेरकडच्या आमच्या गावी आली की पहाटेच्या अंधारात आपणहून अंगणात जाते. हातात बॅटरी, अंगावर माझी शाल. डाळिंबाच्या दोन फांद्यांमध्ये एक पिवळ्या पट्ट्यांची कोळीण राहते. आठ पायांच्या चार जोड्या करून, डोकं खाली करून ती मधोमध लटकते, आणि जाळ्यावर पांढऱ्या नागमोडी धाग्याची फुलीसारखी सही करते. सही कशासाठी, यावर शास्त्रज्ञ अजून भांडताहेत. भाचीचा प्रश्न वेगळा होता : काल केलेलं जाळं आज पुन्हा कशाला?

“मामा, ती जाळं खातीय!” एका पहाटे ती कुजबुजली. खरंच खात होती. बाहेरच्या चौकटीचे धागे शाबूत ठेवून आतला गोल तिने गुंडाळून तोंडात टाकला. मग मधल्या ठिपक्यापासून कडेपर्यंत आरे ओढले आणि आतून बाहेर कोरड्या धाग्याचा विरळ वेढा घातला. बांधकामाची ती तात्पुरती परांची. परत फिरताना कडेकडून आत चिकट धागा लावत गेली, आणि परांची मोडून तीही खात गेली. भिंतींवर ओरखडेसुद्धा उरू न देणारा असा गवंडी मला अजून भेटलेला नाही.

पण का, ते राहिलंच. भाचीने गवताची काडी घेतली. आऱ्यांना काडी चिकटली नाही, गोल धाग्यांना चिकटली. त्या धाग्यावर डिंकाचे बारीक थेंब असतात. संध्याकाळी मात्र तीच काडी त्याच धाग्यावरून सुटून आली. कांद्याचे ट्रॅक्टर दिवसभर रस्त्यावरून जातात. धुळीचा संशय आला. मग दुसऱ्या दिवशी ताज्या जाळ्याच्या अर्ध्या भागावर तिने ज्वारीच्या पिठाची चिमूट फुंकली. पिठाळ भागात काडी निसटली, उरलेल्या भागात अडकली. शिकार निसटेल असं जाळं ठेवून उपयोग काय? कोळीण पहाटे पीठ-बीठ न पाहता सगळं खाऊन मोकळी झाली. पिठाचं निदान पोषण तरी झालं असेल.

खाल्लेला रेशीम-धागा वाया जात नाही. १९७१ मध्ये डेव्हिड पीकॉल यांनी कोळ्याच्या रेशमाला किरणोत्सारी खूण करून दाखवलं, की जुन्या जाळ्यातली बहुतांश प्रथिनं पुढच्या जाळ्यात परत येतात. कालच्याच धाग्याचं आजचं घर. मी हे सांगितलं तेव्हा भाची गप्प झाली, मग झाडून काढत असलेल्या आज्जीकडे वळली. कालची रांगोळी केरसुणीखाली पुसली जात होती.

“आज्जी, तू का गं ती खात नाहीस?”

“दगडाची हाय ती,” आज्जी म्हणाली, “दात पडतील.” आणि नवे ठिपके मोजायला बसली.