नकाराचे सौजन्यशास्त्र

बीड जिल्ह्यात ठेव व्याजदराइतकीच ओळखीवरही ठेवली जाते, हे चढ्या व्याजाचे आमिष दाखवणाऱ्या ‘ज्ञानराधा मल्टिस्टेट’ पतसंस्थेकडून 2023 मध्ये ठेवी परत मिळेनाशा झाल्यावर पुरते स्पष्ट झाले. म्हणून स्नेह्याने अशी योजना आणल्यास त्याच्या सचोटीविषयी ब्रही न काढता, ठेव विमा, म्हणजे बँक बुडाल्यास 5 लाखांपर्यंत भरपाई देणारे संरक्षण, पतसंस्थांना लागू नसल्याने तेथे पैसे न ठेवण्याचा घरचा नियम आहे, एवढेच सांगावे. ‘विचार करून सांगतो’ हे सभ्य उत्तर मात्र टाळावे, कारण उत्साही स्नेही त्यास पुढच्या भेटीचे आवतण समजतो. एवढ्यावरही तो दुरावलाच, तर ती मैत्री मुळातच मुदत ठेव होती, असे मानावे.